ड्युएल इनलेट मशीनला गीझर जोडला, तरी धुणं गारच: अडतं कुठे आणि जोडणी काढावी कधी

डिसेंबर उजाडला आणि नाशिकचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. मशीनला दोन इनलेट आहेत, एकाला गार पाणी आणि दुसऱ्याला गीझरची लाइन जोडलेली आहे, प्रोग्रॅम चाळीस अंशांचा लावलाय, गीझरही चालू आहे. तरी दाराच्या काचेला हात लावला तर काच गार. वेळ तेवढाच लागतो, आणि महिन्याअखेर बिल उलट थोडं जास्तच. घरोघरी मशीन दुरुस्त करत फिरताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता हत्यारांच्या पेटीआधी बादली मागतो.

कारण बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतंच. दोष गीझर आणि मशीन यांच्यामधल्या पाइपात असतो, आणि तो पाइप बंद पडलेला नसतो, उलट अगदी व्यवस्थित चालू असतो.

आधी मशीन किती पाणी घेतं ते बघू. सात किलोचं फ्रंट लोड मशीन मुख्य धुलाईला साधारण बारा ते पंधरा लिटर पाणी घेतं. एवढंच पाणी गरम हवं असतं. त्यानंतर कपडे खळबळायला जे पाणी लागतं ते सगळं गार, तिथे गीझरचा संबंधच नाही. म्हणजे गरम बाजूने अख्ख्या धुण्यात सहा-सात लिटर आत गेलं तरी पुष्कळ. तेही एका दमात नाही. मशीन आधी थोडं पाणी घेतं, ड्रम फिरवतं, कपडे पाणी पितात, पातळी खाली जाते, मग पुन्हा घोटभर घेतं.

आता पाइप बघा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये गीझर कॉमन बाथरूममध्ये असतो आणि मशीन स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत. मधला पाइप भिंतीतून, फॉल्स सीलिंगमधून वळणं घेत जातो. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. बारा मीटर पाइप असेल तर तीन लिटर झालं. कालपासून त्या पाइपात उभं असलेलं पाणी गारच असणार, आणि मशीनने गरम बाजूचा व्हॉल्व्ह उघडला की आधी तेच आत येतं. गीझरचं गरम पाणी मशीनच्या तोंडाशी येईपर्यंत मशीनची अर्धी तहान भागलेली असते. व्हॉल्व्ह बंद होतो, आणि ते कढत पाणी पाइपातच अडकून भिंत गरम करत बसतं.

इंदिरानगरच्या एका घरचा हिशोब सांगतो, कारण तिथे सगळं मोजता आलं. पंधरा लिटरचा गीझर, त्याचा थर्मोस्टॅट साठ अंशांवर. मशीन फ्रंट लोड, आत स्वतःचा हीटर असलेलं. पाइप वळणांसकट बारा मीटरच्या आसपास. काकूंचं म्हणणं सरळ होतं: "गीझर जोडला तर मशीनचा हीटर चालायला नको ना? मग वीज वाचायला हवी."

हिशोबाला एकच आकडा लक्षात ठेवायचा. एका युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. हे मशीनच्या हीटरलाही लागू आणि गीझरलाही, कारण दोन्हीकडे तीच तापणारी कॉइल आहे. गीझरची कॉइल काही स्वस्तात पाणी तापवत नाही.

टाकीचं पाणी वीस अंशांचं धरू. मशीन मुख्य धुलाईला तेरा लिटर घेतं, ते चाळीसवर न्यायचंय. तेरा गुणिले वीस म्हणजे २६०, भागिले ८६०, म्हणजे ०.३० युनिट. गीझर न जोडता मशीनच्या हीटरने पाणी तापवलं तर एवढाच खर्च. कपडे आणि ड्रम तापायला लागणारी ऊर्जा आणि मोटरचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणून तो बाजूला ठेवतो.

आता गीझर जोडून. मशीन निम्मं पाणी गरम बाजूने आणि निम्मं गार बाजूने घेतं असं धरू, म्हणजे गरम बाजूने साडेसहा लिटर. त्यातलं पहिलं तीन लिटर पाइपातलं गार पाणी. खरं साठ अंशांचं पाणी मिळालं फक्त साडेतीन लिटर. सगळं मिसळून ड्रममधलं पाणी जेमतेम ३१ अंशांवर येतं. काचेला हात लावल्यावर कोमट वाटायलाही ते पुरत नाही, कारण गार ड्रम आणि गार कपडे त्यातलीही ऊब ओढून घेतात. उरलेले नऊ अंश मशीनच्या हीटरलाच चढवावे लागतात, त्याला ०.१४ युनिट. तिकडे गीझरमधून साडेसहा लिटर गरम पाणी निघून गेलं, त्याला लागलेली वीज ०.३० युनिट. बेरीज ०.४४. म्हणजे ०.३० चं काम ०.४४ मध्ये झालं, आणि मधले ०.१४ युनिट पाइपात अडकलेल्या तीन लिटर गरम पाण्यासोबत भिंतीत जिरले.

हा झाला सौम्य हिशोब. काकू गीझर खास धुण्यासाठी दुपारी लावत होत्या. तेव्हा पूर्ण पंधरा लिटर पाणी वीसवरून साठवर जातं, त्याला ०.७० युनिट. मशीनने त्यातलं साडेसहा लिटर नेलं, उरलेलं साडेआठ लिटर संध्याकाळपर्यंत कुणी वापरलं नाही तर निवत जातं. ते पूर्ण निवलं असं धरलं, तर मशीनच्या हीटरचे ०.१४ धरून खर्च ०.८४ युनिट. गीझरविना ०.३०. दहा रुपये युनिट धरलं तर एका धुण्यामागे पाच रुपये चाळीस पैसे, महिन्याला वीस धुणी म्हणजे १०८ रुपये. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण वीज वाचवायला म्हणून प्लंबरला पैसे मोजून टाइल्स फोडल्या आणि बदल्यात हे मिळालं, तर ते खटकतंच.

"मग वेळ तरी वाचतो का?" हा पुढचा प्रश्न. दोन किलोवॉटचा हीटर तेवढं पाणी नऊ-दहा मिनिटांत तापवतो, कपड्यांसकट थोडं जास्त. सगळं गरम पाणी वेळेवर आलं असतं तरी तेवढाच वेळ वाचला असता.

तुमच्या घरी काय चाललंय ते बघायला मशीन उघडायची गरज नाही. मशीनमागचा गरम लाइनचा कॉक बंद करा, होज मशीनकडून सोडवा आणि तिचं तोंड बादलीत धरा. गीझर पूर्ण तापून त्याचा दिवा गेलेला असावा, आणि ती लाइन किमान दोन-तीन तास कुणी वापरलेली नसावी, नाहीतर चाचणी खोटं बोलते. मग कॉक हळू उघडा आणि लिटरच्या मगने मोजत पाणी काढा. हाताला चटका जाणवायला किती लिटर लागले, तो तुमचा आकडा. पाणी साठ अंशांचं असू शकतं, त्यामुळे बोट धारेत धरून ठेवू नका. लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवा. माझा अनुभव असा, की फ्रंट लोडसाठी हा आकडा एक लिटरच्या आत असेल तर जोडणी चालते. दोनच्या वर गेला तर विजेच्या गीझरची जोडणी तोट्याचीच.

काही जण यावर शक्कल लढवतात: धुणं लावण्याआधी पाइपातलं गार पाणी बादलीत काढून घ्यायचं आणि मग होज जोडायची. त्याने ड्रममध्ये पाणी गरम येतं हे खरं, पण धुणं संपल्यावर तीन लिटर गरम पाणी पाइपात राहतं ते राहतंच. पाइपला फोम गुंडाळूनही इथे फारसं हाती लागत नाही. फोममुळे पाणी निवायला जास्त वेळ लागतो, पण पुढचं धुणं उद्या किंवा परवा असतं, तोवर ते निवलेलंच असतं. एकामागोमाग दोन-तीन घाणे लावणाऱ्यांना मात्र फोमचा फायदा होतो.

विजेचा गीझर जोडून फायदा होतो अशी फ्रंट लोडमधली एकच परिस्थिती मला माहीत आहे. मशीन बाथरूममध्येच किंवा लागून आहे, पाइप दोन-तीन मीटरचा आहे, आणि सकाळच्या आंघोळी उरकल्यावर गीझरमध्ये अर्धं गरम पाणी शिल्लक आहे. अशा वेळी गीझरचं बटण बंद करायचं आणि मग मशीन लावायचं. शिल्लक पाणी कामी येतं, आणि आत शिरलेलं गार पाणी तापवायला गीझर पुन्हा सुरू होत नाही. बटण चालू ठेवलंत तर हा सगळा फायदा गेला. चांगल्या गीझरमधलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत बऱ्यापैकी ऊब धरतं, त्यामुळे ते शिल्लक पाणी अगदीच फुकट असतं असंही नाही. पण निदान तोटा होत नाही.

टॉप लोडची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये हीटर नसतोच, म्हणून तर त्याला दुसरा इनलेट दिलेला असतो. गरम पाणी हवं असेल तर ते बाहेरूनच यायला हवं. पण त्याची भूकही मोठी असते. पूर्ण भरलेल्या टबला मुख्य धुलाईसाठी पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते वीसवरून चाळीसवर न्यायचं तर साडेबावीस लिटर साठ अंशांचं पाणी हवं, आणि वीज जाते एक युनिटच्या वर. पंधरा लिटरच्या गीझरकडून ते होत नाही. बारा मीटर पाइप असलेल्या घरात त्यातलं बाराच लिटर टबात पोचतं आणि पाणी ३१ अंशांवर अडकतं. म्हणून टॉप लोडला गीझर जोडायचा असेल तर पंचवीस लिटरचा हवा, आणि रोजच्या धुण्याला नाही, तर तेलकट ॲप्रन, चादरी, आजारी माणसाचे कपडे यांच्यापुरताच. रोजचे कपडे गार पाण्यात आणि द्रवरूप डिटर्जंटमध्ये स्वच्छ निघतात. हिवाळ्यात पावडर नीट विरघळत नाही म्हणून गरम पाणी लावणारे असतात, त्यांनी मगभर कोमट पाण्यात पावडर आधी कालवून टबात टाकली तरी काम होतं.

टॉप लोडमध्ये एक सेटिंग आवर्जून बघा: खळबळण्याचं पाणी. काही मशीनमध्ये रिन्सलाही कोमट पाणी निवडता येतं. चुकून तसं राहिलं असेल तर प्रत्येक रिन्सला पुन्हा वीस-बावीस लिटर गरम पाणी थेट गटारात जातं. ते गारवरच हवं.

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर जोडू का, असंही विचारतात. नको. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला एक लिटर पाण्याचं तापमान साधारण त्रेचाळीस अंशांनी वाढवू शकतो. मशीनचा व्हॉल्व्ह मिनिटाला सहा-सात लिटर ओढतो. म्हणजे सुरुवातीचे साठलेले तीन लिटर गेले की पुढचं पाणी जेमतेम सहा-सात अंशांनी वाढलेलं. आणि गॅस गीझर तर मशीनला जोडूच नका. पाणी वाहायला लागलं की तो आपोआप पेटतो. मशीन घोटाघोटाने पाणी घेतं, म्हणजे बंद बाथरूममध्ये, कुणी लक्ष द्यायला नसताना, बर्नर पुन्हा पुन्हा पेटणार आणि विझणार. हवा खेळती नसेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास.

आता सोलर. नाशिकमध्ये गच्चीगच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेत, आणि इथे ऊन फुकट असल्यामुळे हिशोब पालटतो. बंगला, रो हाउस किंवा वरचा मजला, पाइप आठ-दहा मीटर, टॉप लोड मशीन: ही सोलरची सगळ्यात चांगली जोडणी. दोन-अडीच लिटर पाइपात वाया गेलं तरी वीस लिटर खरं गरम मिळतं, आणि विजेचा खर्च शून्य. धुणं मात्र सकाळी लावू नका. आंघोळींनी टाकी अर्धी रिकामी झालेली असते आणि तिच्यात गार पाणी शिरलेलं असतं. दुपारी दोन-तीनच्या सुमारास ती पुन्हा तापते, तेव्हा लावा.

पण चार-पाच मजली इमारतीत खालच्या मजल्यावर असाल, सामाईक सोलर असेल आणि मशीन फ्रंट लोड असेल, तर गणित पुन्हा तिथेच येऊन थांबतं. दुपारी ती लाइन कुणीच वापरत नाही, त्यामुळे गच्चीपासून तुमच्यापर्यंत सगळा पाइप गार असतो. एक इंची पाइपात मीटरला चारशे मिली धरलं तर वीस मीटरचे आठ लिटर झाले. मशीनला हवेत साडेसहा. म्हणजे सोलरचं गरम पाणी तुमच्या मशीनपर्यंत त्या धुण्यात पोचतच नाही. एका सोसायटीत मशीनचा गरम व्हॉल्व्ह दोनदा बदलून झाला होता; व्हॉल्व्ह दोन्ही वेळा चांगला होता.

सोलरबाबत आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात टाकीचं पाणी सत्तरच्या वर जाऊ शकतं, आणि बऱ्याच मशीनना आत येणारं पाणी साठच्या वर चालत नाही. पुस्तिकेत आकडा बघा. शिवाय असं कढत पाणी थेट पडलं की रक्ताचे किंवा दुधाचे डाग कापडात पक्के बसतात; मशीनचा स्वतःचा हीटर पाणी हळूहळू चढवतो म्हणून तिथे ते आधी सुटतात. दुसरं, पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे सोलरच्या टाकीतला विजेचा बॅकअप चालू केला जातो. तेव्हा तुमच्याकडे सोलर नसतो, गच्चीवर ठेवलेला, सगळ्यात लांब पाइपाचा विजेचा गीझर असतो. त्या दिवसांत मशीनचा गरम कॉक बंदच बरा. पण टॉप लोडवर मग प्रोग्रॅमही गार पाण्याचाच लावा.

कारण गरम बाजू बंद ठेवून गरम किंवा कोमट प्रोग्रॅम निवडला की बरीच मशीन त्या बाजूच्या पाण्याची वाट बघत बसतात आणि शेवटी पाणी येत नसल्याचा कोड दाखवतात. एलजीवर तो `IE` दिसतो, सॅमसंगवर `4C`. गार प्रोग्रॅमवर तेच मशीन मुकाट चालतं. हाच कोड कॉक उघडा असतानाही येत असेल तर होज काढून गरम इनलेटमधली छोटी जाळी बघा. बोअरचं पाणी असेल तर गीझरमधल्या क्षाराचे पांढरे कण तिथे येऊन अडकतात. पक्कडीने हलकेच ओढून जाळी काढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. वरच्या मजल्यावर सोलरचा दाब कमी असेल तरी हेच लक्षण दिसतं; टाकी मशीनपेक्षा तीन मीटर तरी उंच नसेल तर पाणी रडतखडतच येणार.

आणि एक उलटं लक्षण: मशीन बंद असताना बाथरूमच्या गार नळाला कोमट पाणी येतं, किंवा गरम नळ अचानक गार पडतो. याचा अर्थ कुणीतरी एकाच इनलेटच्या मशीनला टी किंवा वाय जोड लावून गार आणि गरम लाइन एकत्र केलीय. ज्या लाइनचा दाब जास्त, तिचं पाणी दुसरीत घुसतं, दिवसरात्र. मशीनमागचे दोन्ही कॉक बंद करा. लक्षण लगेच थांबलं तर दोषी तोच जोड. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावून घुसखोरी थांबते, पण पाणी किती गरम येईल यावर मशीनचा ताबा राहत नाही. जोड काढून गार लाइन एकटी ठेवा.

ड्युएल इनलेट मशीनला गरम लाइन द्यायचीच नाही असं ठरवलंत, तर दोन रस्ते आहेत. मशीनसोबत टोपी आली असेल तर ती गरम इनलेटवर घट्ट बसवा आणि पुस्तिकेत फक्त गार जोडणीची परवानगी आहे का ते बघा. नसेल तर वाय जोडाने गार लाइनच दोन्ही इनलेटना द्या. दोन्हीकडे एकच पाणी असल्याने वरची घुसखोरी इथे होत नाही. हीटर असलेलं फ्रंट लोड मग चाळीसचा प्रोग्रॅम स्वतःच्या हीटरवर पूर्ण करतं. इंदिरानगरच्या काकूंकडे मी हेच करून दिलं, आणि गरम लाइनच्या कॉकला प्लग मारला.